दोन-तीन महिन्यांचं बाळ, सकाळचा उजेड आणि संध्याकाळचा अंधार: खान्देशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड महिन्याचा आणि अडीच महिन्यांचा डोस द्यायला बाळ आणलं की सुई टोचून झाल्यावर आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो. मी तालुक्याच्या गावी लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. त्या अर्ध्या तासात डोसाबद्दल फार कुणी विचारत नाही, झोपेबद्दलच विचारतात. डोळ्यांखाली काळं आलेली आई, मागे उभी आजी, आणि आजीचं ठरलेलं वाक्य: "हाई पोर दिनभर निजस नि रातभर जागस." खालचे प्रश्न तिथलेच आहेत.

बाळाने दिवसाची रात्र केली आहे. त्याचं काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. जन्मलेल्या बाळाला दिवस आणि रात्र ठाऊकच नसते. ते दोन-तीन तास झोपतं, भुकेने उठतं, पितं, परत झोपतं. सूर्य वर आहे की खाली, याच्याशी त्या चक्राचा संबंध नसतो. शरीराचं घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या लगतचा पेशींचा एक बारीक पुंजका. तो जन्मताना जागेवर असतो, पण त्याला वेळ लावलेली नसते.

पोटात असताना आईच्या झोपेवरून, जेवणावरून आणि तिच्या रक्तातल्या मेलाटोनिनवरून बाळाला दिवस-रात्रीचा अंदाज मिळत होता. मेलाटोनिन हे अंधार पडला की शरीरात वाढणारं संप्रेरक. नाळ कापली की तो अंदाज तुटतो, आणि बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री नियमाने वाढायला साधारण नववा ते बारावा आठवडा उजाडतो. मधले दोन महिने ते घड्याळाविना असतं असं म्हटलं तरी चालेल.

मग सकाळी उजेड आणि संध्याकाळी अंधार देऊन हे घड्याळ लावायला दोन-तीन महिन्यांचंच वय का धरायचं? आधी का नाही?

आधी केलं तर तोटा काहीच नाही. पण पहिल्या महिन्यात कितीही उजेड दाखवला तरी भूक जिंकते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात अंगाचं तापमान रात्री उतरायला लागतं, मेलाटोनिन सुरू होतं आणि झोपेचा एक लांब तुकडा वेगळा दिसू लागतो. तो तुकडा दिवसात पडायचा की रात्री, हे याच काळात ठरत असतं, आणि आपला हात तिथेच पोचतो. तो तुकडा आपण वाढवत नाही, त्याची जागा हलवतो. हे नीट कळलं की पुढची निराशा बरीच कमी होते.

उजेड नेमकं करतो काय?

डोळ्याच्या मागच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी थोड्या पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मोजतात आणि थेट त्या घड्याळाला कळवतात. निळसर-पांढऱ्या उजेडाला त्या जास्त दाद देतात, तांबूस उजेडाला फार कमी. सकाळचं आकाश निळसर, दिव्याची वात तांबूस. त्यामुळे हजारो वर्षं हिशेब आपोआप जुळत होता. पांढरी एलईडी ट्यूब आली आणि रात्री दहालाही डोळ्याला सकाळ वाटायला लागली.

दुसरी गोष्ट, आपल्या डोळ्याला उजेडातला फरक खरा कळत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. ट्यूब लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स असतो. त्याच घराच्या ओट्यावर, सावलीत, सकाळी सात-आठला तो काही हजार लक्स असतो. आपल्याला दोन्हीकडे नुसतं "दिसतंय" एवढंच वाटतं, पण घड्याळाच्या दृष्टीने पहिली जागा संधिप्रकाशाची आणि दुसरी दिवसाची. म्हणून "आमच्या घरात दिवसभर लाइट चालूच असतो" हे उत्तर पुरत नाही.

सकाळी किती वाजता, किती वेळ आणि कुठे बसायचं?

रोज एकच वेळ धरा. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या पुढे. त्यामुळे उन्हाळ्यात साडेसहा-सात आणि थंडीत आठ-साडेआठ ही सोयीची वेळ. मी वीस ते तीस मिनिटं सांगते. इतकीच हवीत असा काही शिक्का नाही, पण एक निवांत पाजणं आणि ढेकर काढणं एवढ्या वेळात बसतं आणि आईला वेगळं काम वाटत नाही.

जागा म्हणजे ओटा, ओसरी, गच्चीच्या जिन्याची सावली किंवा दाराचा उंबरा. बाळ सावलीत, आणि तोंड उघड्या आकाशाकडे. सूर्याकडे तोंड कधीच नको. धाब्याच्या घराच्या भिंती जाड आणि खिडक्या बारीक, त्यामुळे आतल्या खोलीत खिडकी उघडूनही फार उजेड येत नाही. तिथे बाळाला ओसरीवर आणावंच लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काच आणि पडदा दोन्ही सरकवून खिडकीपासून हातभर अंतरावर बसावं. खिडकीपासून जसजसं आत जाल तसा उजेड झपाट्याने कमी होतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा थोडासाच भाग उरतो.

बाळ तेव्हा झोपलेलं असेल तर? पाजायच्या निमित्ताने हळू उठवा. मिटल्या पापणीतून थोडा उजेड जातो, पण उघड्या डोळ्याची सर त्याला नाही.

आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीची खोली अंधारी ठेवतात. आजी म्हणतात, लेकराच्या डोळ्याला उजेड सोसत नाही.

आजीशी भांडू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. उघडं ऊन डोळ्यावर पडणं नकोच, आणि पहिले आठवडे वारा-धूळ-माणसं यांपासून आडोसा हवा हेही खरं. अडचण सव्वा महिना झाल्यावर सुरू होते. खोली तशीच राहते, खिडकीवर गोधडी तशीच राहते आणि बाळ नऊ-दहा आठवड्यांचं होतं. नेमकं ज्या वयात घड्याळाला दिवस दाखवायचा, त्याच वयात त्याला दिवसा अंधार मिळतो. आणि रात्री? बाळाला बघायला येणारे दिवसभर शेतात असतात, ते जेवून नऊला येतात. मग ट्यूब, टीव्ही, हातोहात फिरणारं बाळ. दिवस-रात्र घराने उलटी केली, बाळ फक्त ती शिकलं.

मी आजींनाच काम देते: "सव्वा महिना झाला, आता सकाळी लेकराला ओट्यावर तुम्ही घेऊन बसायचं." आईला तेवढीच अर्धा तास पाठ टेकता येते. हे सहसा चालतं.

काजळ लावलं तर उजेड कमी लागतो का?

नाही. काजळ पापणीच्या कडेला असतं, उजेड बाहुलीतून जातो. शिवाय काही काजळांत शिसं सापडतं. लावूच नका.

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो. बाळाला बाहेर काढायचं कसं?

आठच्या आत. साडेआठनंतर ओट्याची फरशीही तापते. दुपारी बारा ते चार खोली बंद, ओला पडदा, कूलर हे सगळं उन्हाळ्यात बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांची जी बाळं रात्री चांगली झोपत होती, त्यांना दुपारी बारा ते चारच्या वेळात जास्त उजेड मिळालेला दिसला होता. ते वाचून कुणी मे महिन्याच्या दुपारी बाळाला अंगणात नेऊ नये. तिथलं ऊन वेगळं, आपलं वेगळं. त्यातून आपण घ्यायचं एवढंच की दुपारची खोली थंड हवी, पण काळीकुट्ट नको. उत्तरेकडची खिडकी असेल तर ती नुसत्या पातळ धोतराच्या पडद्यावर ठेवा. नंतर साडेपाचला ऊन कललं की परत अर्धा तास ओट्यावर.

अंग तापलेलं, तोंड कोरडं, लघवी नेहमीपेक्षा कमी आणि बाळ मलूल वाटलं तर उजेडाचा नाद सोडून आधी थंड जागी आणा, अंगावर पाजा आणि दवाखाना गाठा. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी उन्हाळ्यातही नको, दूधच जास्त वेळा द्या.

कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्वही मिळतं ना? आणि कावीळ?

ही तीन वेगळी कामं आपण एका उन्हात कोंबतो. घड्याळाला उजेड लागतो, ऊन लागत नाही, सावलीतही ते काम होतं. ड जीवनसत्त्व बनायला उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडावे लागतात, आणि सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते फार थोडे असतात. म्हणून बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगतात. ओट्यावर बसता म्हणून थेंब बंद करू नका. कावीळ तर उन्हावर सोपवूच नका. दोन महिन्यांच्या बाळाचे डोळे अजून पिवळे असतील, आणि त्यात शी पांढरट-मातकट होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी अंधार करायचा म्हणजे किती? देवघरातल्या दिव्याएवढा?

साधारण तेवढाच. दिवेलागणीनंतर घर चालू राहू द्या, फक्त बाळ ज्या खोलीत आहे तिथली ट्यूब साडेसात-आठच्या सुमारास बंद करा. कोपऱ्यात, जमिनीजवळ, बाळाच्या पाठीमागे पिवळा किंवा लाल झिरोचा बल्ब ठेवा. दिव्याचा रंग महत्त्वाचा, पण त्याहून त्याची जागा महत्त्वाची. पाठीवर निजलेल्या बाळाच्या डोळ्यांसमोर छत असतं, आणि आपल्या घरातली ट्यूब नेमकी तिथेच असते. आपण पलंगावर बसून "एवढा कुठे उजेड आहे" म्हणतो. एकदा बाळाच्या जागी डोकं ठेवून वर बघा.

टीव्ही दुसऱ्या खोलीत. मोबाइल बाळाच्या तोंडासमोर धरून फोटो नको. लाइट गेली तर चांगलंच झालं समजा, फक्त चार्जिंगचा पांढरा दिवा डोक्याशी आणून ठेवू नका. तो भिंतीकडे वळवून ठेवा.

आणि अंधारासाठी झोळीवर चादर टाकू नका. आत हवा कोंडते, उष्णता साठते, आणि कापड तोंडावर आलं तर दोन महिन्यांच्या बाळाला ते काढता येत नाही. अंधार खोलीचा करायचा, बाळाभोवती नाही. झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीविना. राईची उशीही नको.

रात्री दूध पाजायला आणि दुपटं बदलायला उजेड लागतोच की.

लागतो, पण झिरोच्या बल्बवर भागतं. झोपायच्या आधीच दुपटी, लंगोट, पाणी हाताशी काढून ठेवा, म्हणजे मध्यरात्री कपाट उघडायला ट्यूब लागत नाही. मोबाइलची बॅटरी लावायचीच झाली तर जमिनीकडे. नुसती लघवी असेल आणि बाळ कुरकुरत नसेल तर पाजण्याच्या आधी बदला, नंतर नाही, नाहीतर झोपत आलेलं परत उठतं. बोलायचं नाही, हसवायचं नाही. हे आयांना फार जड जातं, मला कळतं. रात्री दोनला बाळ पहिल्यांदा हसतं आणि आपण हसायचं नाही म्हणजे काय! एखाद्या रात्री हसा.

एखाद्या घरी हे कसं केलं, ते सांगाल का?

यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या घरची नऊ आठवड्यांची मुलगी. आई माहेरी आलेली, महिना एप्रिल. मी त्यांना काही बदलायच्या आधी तीन दिवस वही लिहायला लावली: झोपली की वेळ, उठली की वेळ, बाकी काही नाही. तिन्ही दिवस चित्र एकच निघालं. सर्वांत लांब झोप सकाळी नऊ ते दुपारी एक. सर्वांत लांब जागरण रात्री साडेअकरा ते अडीच.

कारणं वहीत नव्हती, घरात होती. मालिशवाली साडेआठला यायची. तेल, गरम पाणी, शेक, मग मागच्या खोलीत खिडक्या बंद करून निजवणं. दमलेलं बाळ चार तास उठायचं नाही, आणि रात्रभर जागलेली आई त्याच्यासोबत झोपायची. तिला उठव असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? दुसरं कारण, त्या आठवड्यात शेताची वीज रात्री बाराला यायची. मामा मोटार चालू करायला उठला की मधल्या घरातली ट्यूब लागायची, चहा व्हायचा, आणि मुलीला टक्क जाग यायची.

मालिशवालीची वेळ बदलेना, तिला आणखी चार घरं होती. म्हणून तिच्या आधीचं आणि नंतरचं बदललं. पावणेसातला आजी मुलीला घेऊन ओट्यावर, आई तिथेच पाजायची. आंघोळीनंतरची झोप मागच्या खोलीऐवजी ओसरीवर, उजेडात, घरातल्या भांड्यांच्या आवाजात. अडीच तासांच्या वर झोपली तर पाजायला उठवायची. दुपारी उन्हामुळे आत, पण एक खिडकी उघडी. साडेपाचला पुन्हा ओटा. आठला ट्यूब बंद. मामाने बॅटरी घेऊन मागच्या दाराने जायचं.

पहिले तीन दिवस काहीच फरक नाही. चौथ्या दिवशी उलट वाईट: दिवसाची झोप तुटली, रात्रीची आली नाही, मुलगी संध्याकाळी सातपासून रडत राहिली. घरच्यांनी फोन केला की बंद करतो. मी म्हटलं, आणखी चार दिवस द्या, आणि तोवर दिवसा तिला दीड तासापेक्षा जास्त सलग जागं ठेवू नका, कारण अतिदमलेलं बाळ झोपत नाही, किंचाळतं. सहाव्या रात्री लांब तुकडा बारा ते साडेतीन पडला. आठव्या-नवव्या दिवशी घरात हळद होती, मंडपाचे दिवे आणि डीजे. तिथे दोन दिवस गेले आणि पुढचे तीन भरून काढण्यात गेले. सोळाव्या दिवसाच्या वहीत रात्री पावणेदहा ते पावणेदोन असा चार तासांचा तुकडा होता, मग पाजणं, मग पाचपर्यंत झोप.

बघा, चार तास आधीही होते आणि नंतरही चारच. फक्त ते दिवसाऐवजी रात्री आले.

आमचं बाळ रोज संध्याकाळी सात ते दहा रडतं. अंधार केल्याने असं होतं का?

नाही, हे रडणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यापासून वाढत ते सहाव्या-आठव्या आठवड्याला शिगेला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. घड्याळ लागलं तरी ते राहतं, आणि ते राहिलं म्हणून उजेडाचा उपाय फसला असं नाही. त्या वेळी मंद उजेडात खांद्यावर घेऊन फिरा. शांत करायला म्हणून ट्यूब-टीव्हीसमोर नेलं की बाळ क्षणभर गप्प होतं, पण झोप तासभर पुढे सरकते.

आईचं दूध काढून ठेवतो. त्याचा घड्याळाशी संबंध आहे का?

आहे, थोडासा. रात्रीच्या दुधात आईचं मेलाटोनिन उतरतं, दिवसाच्या दुधात ते नसल्यात जमा. छातीला पाजलं की हा निरोप आपोआप वेळेवर जातो. काढून ठेवत असाल तर वाटीवर वेळ लिहा आणि शक्य तेव्हा रात्रीचं रात्री द्या. नाही जमलं तर दूध फेकायचं अजिबात नाही.

बाळ कमी दिवसांचं आहे.

मग वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेपासून मोजा. सहा आठवडे आधी जन्मलेलं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी या हिशेबात दीडच महिन्याचं असतं.

किती दिवस वाट बघायची, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवडे वहीसकट. वही नसेल तर रात्रीच्या त्रासात सगळे दिवस सारखेच वाटतात. दोन आठवड्यांनी लांब तुकडा दुपारकडून रात्रीकडे तासभर जरी सरकला असेल तर चालू ठेवा. रात्री दोन-तीनदा पिणं या वयात चालू राहणारच, ते बंद करायचा प्रयत्न नको. वजन नीट वाढत नसेल तर दिवसाही लांब झोपू देऊ नका, आणि वजन दाखवून घ्या.

पुढच्या गोष्टींना मात्र उजेड-अंधाराशी जोडत बसू नका: काखेत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पाजायला उठवूनही न उठणं, दूध न ओढणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं किंवा ओठ निळे पडणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी रात्री कितीही वाजता निघा, सकाळची वाट बघू नका. आणखी एक: आठ-दहा आठवड्यांचं बाळ ओट्यावर घेऊन बसल्यावर खिडकीकडे, दिव्याकडे, तुमच्या चेहऱ्याकडे अजिबात नजर लावत नसेल, किंवा फोटोत त्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.